दर किलोमीटरला साडेसहा अंश, पण मोजायचे कुठून?

डोंगरात वर जाताना दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, हे बहुतेक ट्रेकर्सना पाठ असतं. पायथ्याचं तापमान पाहायचं, चढाई किती ती बघायची, गुणाकार करून वजाबाकी करायची आणि येईल त्या आकड्याप्रमाणे सॅक भरायची. हिशेब सोपा आहे आणि साडेसहाचा आकडाही खरा आहे. तरीही या वजाबाकीने निघालेलं उत्तर चार-पाच अंशांनी सहज चुकतं. दुपारी ते एका बाजूला चुकतं आणि पहाटे नेमकं उलट्या बाजूला. असं का होतं ते समजलं, की कोणता कपडा कधी अंगावर चढवायचा आणि कधी उतरवायचा हेही समजतं. माझ्या मते थंडीच्या तयारीत कपडे कोणते घेतले यापेक्षा ते केव्हा घातले हे जास्त महत्त्वाचं असतं.

मुळात उंचीवर हवा थंड का असते? ऊन हवेतून जवळजवळ आरपार जातं आणि जमीन तापवतं. मग जमीन तिला चिकटलेल्या हवेला तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी असतो, म्हणून ती फुगते. फुगताना तिला भोवतालच्या हवेला ढकलून जागा करावी लागते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. बाहेरून कोणी तिची उष्णता काढून घेत नाही, नुसत्या फुगण्यामुळे ती थंड होते. या पद्धतीने कोरडी हवा वर चढताना हजार मीटरला जवळजवळ १० अंश गमावते, नेमकं सांगायचं तर ९.८.

मग साडेसहा कुठून आले? हवेत बाष्प असतं. चढता चढता हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की बाष्पाचे थेंब होऊ लागतात, ढग तयार होतो, आणि बाष्प होताना पाण्याने घेतलेली उष्णता हवेला परत मिळते. त्यामुळे ढगात शिरल्यावर थंड होण्याचा वेग मंदावतो. उबदार, दमट हवेत तो हजार मीटरला ४-५ अंशांपर्यंत खाली येतो आणि गोठणबिंदूच्या आसपास ६ च्या जवळ राहतो. साडेसहा ही या सगळ्या प्रकारांची, सगळ्या ऋतूंची आणि जगभरच्या हवेची सरासरी आहे. विमानांसाठी जे प्रमाणित वातावरण ठरवलेलं आहे त्यात समुद्रसपाटीला १५ अंश धरून हाच दर वापरतात. पण एखाद्या दिवशी, एखाद्या डोंगराच्या एखाद्या बाजूला हवा सरासरीप्रमाणे वागेल असं काही बंधन तिच्यावर नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. पायथ्याचं गाव १८०० मीटरवर आहे, मुक्कामाचा तळ ३२०० मीटरवर एका खोलगट मैदानात आहे, आणि दुसऱ्या दिवशी ४००० मीटरची खिंड ओलांडायची आहे. गावाचा अंदाज असा: दुपारी १७ अंश, दवबिंदू ८ अंश, पहाटेचं किमान ६ अंश.

आधी दुपार. साडेसहाच्या हिशेबाने तळ गावापेक्षा १४०० मीटर वर, म्हणजे ९ अंशांनी थंड, म्हणजे ८ अंश. आता हवेच्या वागण्याप्रमाणे मोजू. दुपारचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला १२५ ने गुणलं, की उतारावरून चढणाऱ्या हवेत ढग साधारण किती मीटर वर धरेल ते कळतं. इथे फरक ९ अंशांचा आहे, म्हणजे सुमारे ११०० मीटर, म्हणजे ढगाचा तळ साधारण २९०० मीटरवर. तिथपर्यंत हवा कोरड्या दराने ११ अंश गमावून ६ वर येते. उरलेले तीनशे मीटर ढगातले, तिथे आणखी दीड अंश. तळावर उत्तर येतं साडेचार. फरक साडेतीन अंशांचाच आहे, पण त्याचा अर्थ फार मोठा आहे. पहिल्या हिशेबात तळ कोरडा आणि ८ अंशांचा होता, दुसऱ्यात तो धुक्यात, ओलसर आणि साडेचार अंशांचा आहे. चालून घामेजलेल्या माणसासाठी या दोन वेगळ्या जागा आहेत. म्हणून गावातल्या अंदाजातून फक्त कमाल तापमान उचलू नये, दवबिंदूही पाहावा. ढग नेमका कुठे भेटेल हे थंडीच्या आकड्याइतकंच उपयोगी असतं.

रात्री सगळं पालटतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि वेगाने गार होते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खळग्यांत, दऱ्यांत साचते. पहाटेपर्यंत दरीच्या तळाशी गार हवेचं तळंच भरतं आणि त्याच्या वरच्या उतारावर हवा जास्त उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा पहाटे गावाचे ६ अंश हे त्या साचलेल्या तळ्याचं तापमान असतं. त्यातून २२०० मीटरचे १४ अंश वजा केले तर खिंडीत उणे ८ येतात आणि लोक त्या उणे ८ साठी कपडे घालून निघतात. खिंडीवरच्या हवेचा गावातल्या त्या तळ्याशी काहीही संबंध नसतो.

यावर सोपा उपाय आहे. पर्वतांसाठीच्या हवामान अंदाजात फ्रीझिंग लेव्हल दिलेली असते, म्हणजे मोकळ्या हवेत शून्य अंश कोणत्या उंचीवर आहे तो आकडा. जमिनीपासून दूर, उंचावरच्या हवेवर रात्रीच्या त्या गारठ्याचा परिणाम फारच थोडा होतो, म्हणून हा आकडा गावातल्या थर्मामीटरपेक्षा जास्त भरवशाचा असतो. गावातून वर मोजत जाण्याऐवजी शून्याच्या उंचीपासून वर किंवा खाली मोजावं. साडेसहाचा दर इथे बऱ्यापैकी चालतो, कारण अंतर काहीशे मीटरचं उरतं आणि दर थोडा चुकला तरी उत्तर एखाद्या अंशानेच चुकतं. समजा पहाटे फ्रीझिंग लेव्हल ३६०० मीटर आहे. खिंड त्याच्या ४०० मीटर वर, म्हणजे साधारण उणे ३. तळ ४०० मीटर खाली, म्हणजे मोकळ्या हवेत अधिक अडीच. पण तंबू खोलगट मैदानात आहेत आणि रात्र निरभ्र आहे, त्यामुळे तिथे सहज उणे ३ असू शकतं.

म्हणजे पहाटे चार वाजता तंबूतून बाहेर आल्यावर उणे ३, आणि आठशे मीटर चढून खिंडीत पोचल्यावरही उणे ३. मधे, तळापासून शे-दोनशे मीटर वरच्या उतारावर, हवा शून्याच्या वर आहे. कपड्यांबाबतचा सगळ्यात वाईट निर्णय नेमका इथे होतो. माणूस रात्रभर न हललेला, गारठलेला असतो. तो त्या खळग्यात उभा राहून ठरवतो, की इथेच इतकं थंड आहे तर वर काय असेल. मग फ्लीस, त्यावर पिसं भरलेलं डाऊन जॅकेट, त्यावर विंडचीटर असं सगळं चढवून तो निघतो. दहा मिनिटांत चढ लागतो, हवा उबदार होते आणि अंगातून घाम निघायला लागतो. अंधारात थांबून सॅक उघडायचा कंटाळा येतो, पुढचे लोक निघून जातील अशी धास्तीही असते. खिंडीत पोचतो तेव्हा आतला बनियन भिजलेला असतो, आणि वारा तिथे असतो.

अंगातली उष्णता किती बदलते हे कळलं की ही चूक किती महाग पडते ते लक्षात येतं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता तयार करतो. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना तीच सहापट किंवा त्याहूनही जास्त होते. त्यामुळे शून्य अंशाला बसून राहायला जितकं जाड आवरण लागतं, त्याच्या लहानशा हिश्श्यात चढणाऱ्याचं काम भागतं. थर्मामीटर तोच, माणूस तोच, पण दोन वेगळे पोशाख लागतात. कपड्यांचा विचार तापमानावरून सुरू करणाऱ्यांच्या हातून हे सुटतं. आधी विचारायचं ते हे, की त्या तापमानाला मी चालत असणार की थांबलेला असणार.

भिजलेल्या कपड्याचाही हिशेब करून पाहावा. सुती टी-शर्टमध्ये २०० ग्रॅम घाम सहज मुरतो. तो अंगावरच वाळायचा असेल, तर दर ग्रॅमला साधारण अडीच किलोज्यूल याप्रमाणे जवळजवळ ५०० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळीच्या सगळी शरीरातून येत नाही, पण बरीचशी येते. आणि ५०० किलोज्यूल म्हणजे शांत बसलेल्या शरीराची सव्वा तासाहून जास्त वेळाची सगळी कमाई. वर, कापडाच्या धाग्यांमध्ये ऊब धरणारी जी हवा असते तिच्या जागी आता पाणी भरलेलं असतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता बाहेर नेतं. म्हणून अंगालगतचा कपडा पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा, पातळ आणि अंगाला बसणारा असावा. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही आणि लवकर वाळतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते, पण वाळायला वेळ घेते. माझं मत विचाराल तर खूप घाम येणाऱ्याने चढाला पॉलिएस्टर घालावं आणि लोकर झोपायला ठेवावी. सुती कपडा मात्र या उंचीवर अंगालगत नको, अंतर्वस्त्रं आणि मोजे धरून.

आता वारा. खिंड हे डोंगररांगेतलं भोक असतं, सगळी हवा तिथून दाटीवाटीने जाते, म्हणून उतारावर वारा नसला तरी खिंडीत असतो. वाऱ्याने जाणवणाऱ्या थंडीचा जो नेहमीचा तक्ता आहे त्यानुसार उणे ३ अंशांना ताशी १५ किलोमीटर वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला उणे ८ सारखं वाटतं आणि ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात उणे ११ सारखं. या दोन आकड्यांकडे नीट पाहावं. पहिल्या पंधरा किलोमीटरने ५ अंश हिरावले, पुढच्या पंचवीसने मिळून फक्त ३. म्हणजे मंद वाराच बहुतेक नुकसान करून जातो, कारण त्वचेला लागून असलेला उबदार हवेचा पातळ थर तो सुरुवातीलाच उडवून लावतो. तो थर वाचवायला जाड जॅकेट लागत नाही. शे-दीडशे ग्रॅमचं, मुठीत मावणारं, वारा अडवणारं पातळ जॅकेट पुरतं. जाड फ्लीस मात्र एकटं असेल तर वाऱ्यात जाळीसारखं वागतं, वारा त्यातून आरपार जातो. (जाणवणाऱ्या तापमानाबद्दल एक गैरसमज असतो: बाटलीतलं पाणी वाऱ्याने लवकर गार होतं, पण हवेच्या खऱ्या तापमानाखाली वारा ते नेऊ शकत नाही. हवा अधिक २ असेल तर वारा कितीही सुटला तरी बाटली गोठणार नाही.)

या सगळ्यावरून त्या पहाटेचा पोशाख ठरवू. तळावर आवराआवर चालू असताना डाऊन जॅकेट अंगावर असू दे. निघायच्या क्षणी, सॅक पाठीवर घेण्याआधी, ते काढून सॅकमध्ये अगदी वर ठेवायचं. अंगावर फक्त बेस लेयर, म्हणजे तो अंगालगतचा कपडा, त्यावर पातळ फ्लीस किंवा वारा अडवणारं पातळ जॅकेट, कानटोपी आणि पातळ हातमोजे. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. पहिली पाच-सात मिनिटं कुडकुडत जातील आणि ते बरोबर आहे. निघतानाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी मिळून एक थांबा घ्यावा, फक्त कपडे जुळवण्यासाठी. हा थांबा आधीच ठरलेला असला, की कोणी संकोचून घाम गाळत चालत नाही. चढताना गरम होऊ लागलं तर आधी कानटोपी आणि हातमोजे काढावेत, मग गळ्याची चेन खाली करावी, आणि तरीही भागलं नाही तरच फ्लीस उतरवावं. पाठीला सॅक टेकते तिथे हात घालून पाहावा. ओलसर लागलं तर वेग कमी करावा. वेग हाही तापमान जुळवण्याचा मार्ग आहे, आणि तो सॅक न उघडता वापरता येतो.

खिंडीच्या पन्नास मीटर खाली, वारा लागण्याआधी, आडोशाला थांबून वारा अडवणारं जॅकेट चढवावं. माथ्यावर पोचून कपडे शोधू लागलं तर वाऱ्यात चेन उघडी, हात उघडे आणि सॅक उघडी, असे पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्यात बोटं बधिर होतात. माथ्यावर थांबलात की पहिल्या दोन मिनिटांत, गार वाटायच्या आधी, डाऊन जॅकेट सगळ्या कपड्यांवरून चढवावं. म्हणून ते आकाराने इतकं ऐसपैस हवं, की खालच्या कपड्यांवरून जाईल आणि त्याचे पिसांचे कप्पे दबणार नाहीत. दबलेल्या पिसांत हवा उरत नाही आणि ऊब त्या हवेतच असते. हाच नियम पायांनाही लागू होतो. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की हवेचा थर जातो, रक्तप्रवाहही आवळला जातो, आणि एका मोज्यात पाय गार पडला नसता इतका दोन मोज्यांत पडतो.

पिसांचं जॅकेट भिजलं की त्याचा गोळा होतो. म्हणून ते पावसात किंवा चढताना घामात घालू नये. ज्या दिवशी धुकं किंवा ओला बर्फ अपेक्षित असेल त्या दिवशी कृत्रिम भरणाचं जॅकेट बरं. ते जड आहे, कमी दाबलं जातं, पण ओलं झालं तरी काही ऊब शिल्लक ठेवतं. इथेही फ्रीझिंग लेव्हलचा आकडाच कामी येतो. बर्फ पडताना वितळायला वेळ लागतो, त्यामुळे तो शून्याच्या उंचीपेक्षा दोन-तीनशे मीटर खालीपर्यंत बर्फ म्हणूनच पोचतो. ३६०० ला शून्य असेल तर ३३०० च्या वर ओला बर्फ धरावा, त्याखाली पाऊस. आणि पाऊस कोरड्या हवेत पडायला लागला की बाष्पीभवनाने ती हवाही गार करतो. दुपारच्या वादळी सरीने पाच अंश क्षणात उतरणं मुळीच नवलाचं नाही, अंदाजात तो आकडा दिलेला नसला तरी.

म्हणूनच मला उणे १० च्या कोरड्या, शांत सकाळपेक्षा अधिक ४ अंशांच्या पावसाळी, वाऱ्याच्या दुपारची जास्त काळजी वाटते. उणे १० ला सगळे सावध असतात आणि बर्फ झटकून टाकता येतो. अधिक ४ ला कोणी घाबरत नाही. रेनकोट सॅकच्या तळाशी असतो, आधी पॅन्ट भिजते, मग बाह्या, आणि दमलेलं शरीर उष्णता कमी बनवत असतानाच ती जास्त गमावतं. शरीराचं तापमान घसरायला लागल्याच्या खुणा हातांपासून दिसतात: चेन लावता येत नाही, बुटाची गाठ सुटत नाही. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहायला सांगावं. ते जमत नसेल तर उशीर होऊ लागला आहे असं समजावं. त्यानंतर बोलणं जड होतं, पाय ठेचाळतात, आणि माणूस “मी ठीक आहे” म्हणत राहतो. त्याच्या म्हणण्यावर विसंबू नये. वारा अडवायचा, ओले कपडे उतरवायचे, कोरडे घालायचे, अंगाखाली काहीतरी पसरायचं, आणि तो शुद्धीत असून नीट गिळू शकत असेल तर गरम गोड पेय द्यायचं. कुडकुडणं थांबलं पण तो सुस्त होत चालला, तर ती सुधारणा नाही, धोका वाढला आहे. अशा वेळी त्याला चोळू नये, चालवू नये, आडवं ठेवून मदत बोलवावी.

यासाठी एक कोरडा जोड, म्हणजे बेस लेयर, मोजे आणि हातमोजे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवावा आणि तळावर पोचेपर्यंत त्याला हात लावू नये. तळावर पोचताच, तंबू उभारण्याआधी, ओला बेस लेयर बदलावा. अंग अजून गरम असताना बदललं तर दोन मिनिटांचं काम, अर्ध्या तासाने बदललं तर तो कपडा काढणंच शिक्षा होते.

खिंड ओलांडून पलीकडे उतरताना हिशेब पुन्हा फिरतो. तापमान वाढत जातं आणि उतरताना शरीर चढापेक्षा कमी उष्णता बनवतं, पण ऊन आता अंगावर असतं. उंचीवर ऊन सावलीतल्या थर्मामीटरला दिसत नाही, अंगाला मात्र दिसतं. हवा ५ अंश असूनही उन्हात एका शर्टात घाम येतो आणि ढग आला की त्याच हवेत शहारे येतात. अतिनील किरणंही हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि बर्फावरून परतून खालूनही येतात. म्हणून उतरताना बाह्या दुमडून अंग उघडं टाकण्यापेक्षा पातळ, लांब बाह्यांचा, फिक्या रंगाचा शर्ट बरा. वारा अडवणारं जॅकेट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं, तळाशी नाही. पलीकडच्या दरीत मुक्काम असेल तर तंबू दरीच्या अगदी तळाशी किंवा नदीकाठच्या सपाटीवर लावण्याआधी वर नजर टाकावी. उतारावर तीस-चाळीस मीटर वर, वाऱ्याचा आडोसा असलेला एखादा टप्पा मिळाला तर पहाटे तिथे दोन-तीन अंश जास्त सापडतात, आणि झोपायच्या पिशवीवर दवही कमी धरतं.